सोबतीची जागा

ऊर्मिलाला जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा द्यायची खरं तर काहीच गरज नव्हती. हॅम्बर्गमध्ये अकरा वर्षं काढल्यावर बेकरीवाला, डॉक्टरकडची रिसेप्शनिस्ट आणि वरच्या मजल्यावरच्या किरकिऱ्या आजी, या तिघांशी भांडता येईल इतकं जर्मन तिला येत होतं. त्यापुढचं जर्मन लागतं कशाला, असं ती म्हणायची. गरज होती ती तिच्या धाकट्या जावेला, कौमुदीला.

कौमुदीचा नवरा हृषिकेश गेल्या ऑक्टोबरात ऑफिसातून घरी येताना सायकलवरच कोसळला. अँब्युलन्स आली तेव्हा हेल्मेट डोक्यावर नीट होतं, अंगावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं. आत हृदय थांबलं होतं. नवरा गेला तसा त्याच्या नावावरचा तिचा तिथं राहण्याचा परवानाही गेला. परदेशी लोकांच्या कार्यालयानं, आउसलेंडरबेहोर्डनं, तिला तिच्या स्वतःच्या नावाचा एका वर्षाचा परवाना दिला. त्या वर्षात नोकरी दाखवायची, स्वतःचं आणि मुलीचं पोट भरता येतं हे सिद्ध करायचं. नाही जमलं तर परत जायचं. मुलगी अन्वी आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं.

नोकरी मात्र कौमुदीनं मिळवली होती. नाशकात तिनं सहा वर्षं बालवाडी चालवली होती, त्या जोरावर आल्टोनातल्या एका किटामध्ये, म्हणजे लहान मुलांच्या शाळेत, तिला एक दिवस बघायला बोलावलं. मुलं काही केल्या एका जागी बसेनात. मग ही बाई स्वयंपाकघरातून दोन लाकडी चमचे घेऊन आली, चिपळ्यांसारखे धरले आणि मोडक्या जर्मनमध्ये पोहता न येणाऱ्या एका हत्तीची गोष्ट सांगायला लागली. गोष्ट ऐन रंगात आली की थांबायची, दोन ओळी गायची, मुलांकडून म्हणवून घ्यायची, की पुन्हा गोष्ट. कीर्तनातला पूर्वरंगसुद्धा तिनं सोडला नाही. आधी मैत्रीवर चार वाक्यं, मग हत्ती. किटाच्या प्रमुख फ्राउ पेटरसन दाराशी उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या. त्यांनी जागा देऊ केली. एक सप्टेंबरपासून, अट एकच. ऑगस्ट संपायच्या आत बी-टूचं प्रमाणपत्र.

"मी पण देते परीक्षा," ऊर्मिला म्हणाली होती.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"तुझ्यासाठी नाही गं. माझं व्याकरण ऐकून वरच्या आजी हसतात, त्यांची खोड मोडायचीय."

खरं कारण दोघींना माहीत होतं. हृषिकेश गेल्यापासून कौमुदी अनोळखी मोठ्या इमारतीत एकटी शिरू शकत नसे. दवाखान्याच्या त्या लांब कॉरिडॉरपासूनच ते सुरू झालं होतं. दार उघडून आत पाऊल टाकायचं म्हटलं की हात गार पडायचे.

एप्रिलमधल्या एका रविवारी जेवणं उरकल्यावर ऊर्मिलाच्या बार्मबेकच्या घरी दोघी लॅपटॉप घेऊन बसल्या. ऊर्मिलाचा नवरा हरीश सोफ्यावर आडवा होता. अन्वी जमिनीवर रंगवत होती. परीक्षेच्या पोर्टलवर आधी केंद्र निवडायचं, मग त्या केंद्राच्या तारखा दिसायच्या, जागा असलेल्या हिरव्या आणि भरलेल्या करड्या. हॅम्बर्गमध्ये दोन केंद्रं होती, आल्टोनात एक आणि नदीपलीकडे हारबुर्गला एक. आल्टोना कौमुदीच्या घराजवळ. जुलैचा तिसरा शनिवार हिरवा होता. निकालाला तीन आठवडे. म्हणजे ऑगस्ट संपायच्या खूप आत.

"थांब, तिथी बघू दे," ऊर्मिला म्हणाली.

"जर्मन व्याकरणाला तिथी चालत नाही," सोफ्यावरून आवाज आला.

"अहो, तुम्ही झोपा."

तिथी चांगली निघाली. तारखेवर क्लिक केलं की जागा पंधरा मिनिटं तुमच्या नावानं धरून ठेवली जायची. तेवढ्यात पासपोर्टचा नंबर, पत्ता, फी भरायची. लॅपटॉप कौमुदीच्या मांडीवर होता. तिनं तो उचलून ऊर्मिलासमोर ठेवला.

"आधी तुम्ही, वहिनी."

"अगं, गरज तुला आहे. तू कर."

"तुमच्या आधी मी कशी करू? तुम्ही करा, मी बघते आणि तसंच करते."

ऊर्मिलाला ते बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. सासूबाई गेल्यापासून असा मान देणारं घरात दुसरं होतं कोण. स्वयंपाकघरातल्या छोट्या देव्हाऱ्याकडे बघून तिनं हात जोडले आणि तिची नोंदणी झाली. मागोमाग कौमुदीची. दोघींना नोंदणी पक्की झाल्याची मेल आली, तीच वेळ, तोच हॉल.

"आता नापास व्हायचं तर जोडीनं," ऊर्मिला म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी कौमुदी मनापासून हसली.

मे महिना अभ्यासात गेला. ऊर्मिला पोळ्या लाटताना फोनवर कीर्तन लावायची. बुवांनी आख्यान थांबवून श्वास घेतला की कौमुदी तेवढ्यात एक जर्मन वाक्य विचारून घ्यायची. हळूहळू तिचं जर्मन ऊर्मिलाच्या पुढे गेलं. किटाच्या मुलांसाठी तिनं आणखी तीन गोष्टी रचून ठेवल्या होत्या.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मेल आली. ऊर्मिला यू-बान मेट्रोत होती, बाहेर पाऊस. आल्टोनाच्या केंद्राच्या इमारतीत पाण्याचा मोठा पाइप फुटला होता, छत खाली आलं होतं, केंद्र शरद ऋतूपर्यंत बंद. तुमची जागा हारबुर्गच्या केंद्रात हलवली आहे, तारीख तीच, वेळ तीच. ऊर्मिलानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिथूनच फोन लावला.

"हारबुर्ग तर हारबुर्ग. एस-बानच्या लोकलनं जाऊ, डबा घेऊ."

पलीकडे कौमुदीनं आपली मेल उघडून वाचली.

"वहिनी, मला हानोवर आलंय. ऑगस्टचा शेवटचा शनिवार."

संध्याकाळी हरीशनं दोन्ही मेल शेजारी शेजारी उघडल्या. नियम खाली लिहिलेले होते. बंद पडलेल्या केंद्राच्या उमेदवारांना नोंदणीच्या क्रमानं हलवलं जातं. आधी त्याच दिवशीचं जवळचं केंद्र. ते भरलं की पुढे जिथं जागा असेल ते केंद्र आणि ती तारीख. शुक्रवारपर्यंत मान्य करा किंवा नाकारा. उत्तर नाही आलं तर मान्य धरलं जाईल. नाकारलं तर हलवलेल्यांच्या प्रतीक्षा यादीत नाव जाईल.

"ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी परीक्षा म्हणजे निकाल सप्टेंबरच्या मध्याला," कौमुदी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "फ्राउ पेटरसन थांबणार नाहीत. त्यांनाही वरून सांगितलंय, पहिल्या तारखेला माणूस हवा."

दुसऱ्या संस्थांच्या परीक्षा त्यांनी शोधल्या. सप्टेंबरच्या आत कुठंच जागा नव्हती.

"नाकारू का?"

"वेडी आहेस?" हरीश म्हणाला. "वार्टेलिस्टे, प्रतीक्षा यादी, म्हणजे काय माहितेय ना? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं. आधी हानोवर मान्य कर, हाताशी असू दे. मग बघू."

हरीश बंदरात कामाला होता. कंटेनर न्यायला येणाऱ्या ट्रकांना आत शिरायची वेळ देणाऱ्या प्रणालीची चाचणी करायचं त्याचं काम. वेळ, जागा, आरक्षण या शब्दांत त्याची बारा वर्षं गेली होती, म्हणून घरातल्या सगळ्यांनी त्याचं ऐकलं. कौमुदीनं हानोवर मान्य केलं.

जेवण झाल्यावर ताटं उचलता उचलता ऊर्मिला म्हणाली, "माझी जागा हिला देता येईल का?"

"नाव बदलता येत नाही. पासपोर्टला बांधलेली असते."

"पण मी सोडली तर?"

हरीश ताट हातात धरून उभा राहिला. "सोडली तर मोकळी होणार. आमच्याकडे दुपारी दोनची वेळ एखाद्या ड्रायव्हरनं सोडली की त्या क्षणी पडद्यावर हिरवी होते. ज्याचं बोट आधी, त्याची." त्याचा चेहरा उजळला. "गेनाऊ, अगदी तेच. इकडे तू सोडायची, तिकडे कौमुदीनं 'तारीख बदला' दाबायचं. एकाच सोफ्यावर बसून. दुसऱ्या कोणाला कळायच्या आत."

"नाही हं, वहिनी," कौमुदी म्हणाली. "तुमचा तीन महिन्यांचा अभ्यास."

"माझ्या अभ्यासाचं काय घेऊन बसलीस? वरच्या आजी अजून दहा वर्षं जगणार आहेत."

"तुमच्याशिवाय मी त्या हॉलमध्ये कशी जाऊ?"

"दारापर्यंत मी येईन. बाहेर बाकावर बसेन. कीर्तनाला उशिरा कोणी आलं की आपण काय करतो? थोडं सरकतो. तेवढंच करायचंय."

सरकलं की जागा होते आणि ती शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच मिळते, हे तिनं लहानपणापासून देवळाच्या फरशीवर बसून बघितलं होतं. ते सगळीकडे तसंच असतं, याबद्दल तिच्या मनात शंका आली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं सोफ्यावर बसली. दोन लॅपटॉप. कौमुदीच्या पडद्यावर हारबुर्गचा जुलै उघडा होता, तिसरा शनिवार करडा. ऊर्मिलानं 'नोंदणी रद्द करा' दाबलं. पोर्टलनं विचारलं, नक्की? ही कृती मागे घेता येणार नाही. तिनं हरीशकडे बघितलं. त्यानं मान हलवली. तिनं दाबलं.

"आता," हरीश म्हणाला.

शनिवार करडाच होता.

"रिफ्रेश कर."

करडा.

"पुन्हा कर. कधीकधी सेकंद लागतात."

कौमुदी दाबत राहिली. ऊर्मिलाच्या मेलमध्ये रद्द झाल्याची पोच आली. अन्वी मागे येऊन उभी राहिली आणि आईच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत तिनं विचारलं, "माम्मा, कापुट?" बिघडलंय का? कौमुदीनं पुन्हा रिफ्रेश दाबलं.

सकाळी नऊ वाजता हॉटलाइन उघडली. फोन स्पीकरवर होता, बोलत होती कौमुदी, कारण नोंदणी जिची तिलाच माहिती देतात. पलीकडची बाई सौम्य होती, सावकाश बोलत होती. केंद्र बंद झाल्यावर उमेदवार हलवण्याचं काम चालू असतं तोवर सर्वांसाठीचं कॅलेंडर बंद ठेवतात, ती म्हणाली. मोकळी झालेली जागा बाहेर दिसतच नाही. ती आपोआप प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देऊ केली जाते.

"हारबुर्गला काल एक जागा मोकळी झाली होती," कौमुदी म्हणाली. "ती मला मिळू शकेल का?"

"ती कालच दिली गेली, फ्राउ देवस्थळी. त्या उमेदवारानं घेतलीही."

"पण मीही आल्टोनाचीच आहे. मलाही हलवलंय."

"हो, पण तुम्ही हानोवर मान्य केलंत. मान्य केलं की तुमचं नाव यादीत येत नाही. तुमची व्यवस्था झाली, असं धरलं जातं."

हरीश खुर्चीवरून पुढे झुकला. त्यानं कागदावर लिहून कौमुदीपुढे सरकवलं. कौमुदीनं ते वाचलं आणि विचारलं.

"मी नाकारलं असतं तर?"

पलीकडे टकटक ऐकू आली. "तर यादीत तुमचं नाव सगळ्यात वर आलं असतं. नोंदणीच्या क्रमात हारबुर्ग भरलं, त्याच्या लगेच नंतरचं नाव तुमचं आहे."

"आता नाकारलं तर?"

"आता यादीच्या शेवटी. आणि हानोवर जाईल. मी तुम्हाला तसं सुचवणार नाही." मग ती बाई म्हणाली, "मला वाईट वाटतं." तिला खरंच वाटत असावं, कारण विशेष अडचणीचा अर्ज कसा करायचा ते तिनं दोनदा सांगितलं. अर्ज त्यांनी त्याच दिवशी पाठवला, सगळे कागद जोडून. उत्तर आठवड्यानं आलं. परिस्थितीची जाणीव आहे, जागा उपलब्ध नाही.

पण ते नंतरचं. त्या सकाळी फोन ठेवल्यावर हरीश खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"मी तिला नाकारू दिलं नाही," तो म्हणाला. "बारा वर्षं हेच करतोय मी."

"भाऊजी, तुम्ही माझ्यासाठीच सांगितलंत," कौमुदी म्हणाली.

ऊर्मिला टेबलाशी बसून होती. तिच्या मनात दुसराच हिशेब चालला होता, आणि तो फार सोपा होता. हारबुर्ग भरलं, त्याच्या लगेच नंतरचं नाव कौमुदीचं. मग हारबुर्गची शेवटची जागा कोणाला मिळाली होती? कौमुदीच्या बरोबर आधी नोंदणी कोणी केली होती? ती नुसती सोबतीला म्हणून त्या परीक्षेला बसली नसती, तर कौमुदीला काहीच सोडावं किंवा नाकारावं लागलं नसतं. हारबुर्ग आपसूक तिचं होतं.

तो हिशेब बोलून दाखवायची गरजही नव्हती. कौमुदीनं तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि तिच्या शेजारी बसली, इतकी जवळ की खांद्याला खांदा लागला.

"वहिनी, आधी तुम्ही करा, हे मी म्हणाले होते."

"मी ऐकायला नको होतं."

"मग मी रुसले असते."

ऊर्मिलाला रडू आलं ते यावर.

फ्राउ पेटरसन ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबल्या. मग त्यांनी कौमुदीला बोलावून घेतलं. दुसरी एक मुलगी मिळाली होती, कायझर्सलाउटर्नहून शिकून आलेली, हसरी. कौमुदीनं तिला हत्तीची गोष्ट शिकवली, कुठं थांबायचं, कुठं गायचं, ते दाखवलं. घरी येऊन ती म्हणाली, "आवाज गोड आहे तिचा. पण ताल जरा कच्चा आहे." आउसलेंडरबेहोर्डमधला माणूसही वाईट नव्हता. नोकरीचा करार नाही तर त्याच्या हातात काही नव्हतं. नाशिकची तिकिटं ऑक्टोबरची निघाली. अन्वीला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मुस इश आउख मित?" मलाही यायला लागेल का? आणि कोणी काही बोलायच्या आत आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तरी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी दोघी जावा हानोवरला गेल्या.

"आता कशासाठी?" हरीशनं विचारलं होतं. त्याचा आवाज त्या उन्हाळ्यात खूप खाली आला होता.

"हाताशी आहे ना," कौमुदी म्हणाली. ती टोचून म्हणाली नव्हती. पण हरीशनं मान खाली घातली. मग तीच पुढे म्हणाली, "अन्वीला तुम्ही सांभाळा, भाऊजी. तिला शेवया आवडतात. माझ्यापेक्षा तुम्ही चांगल्या करता."

केंद्र स्टेशनपासून जवळ होतं, उंच, काचेचं. दाराशी पोचल्यावर कौमुदीचे हात गार पडले होते. ऊर्मिलानं ते आपल्या हातात धरून चोळले, लहान मुलाचे चोळतात तसे. आत जाताना कौमुदीनं मागं वळून बघितलं नाही. ऊर्मिला समोरच्या बाकावर बसली. डबा होता, पण तिला तो उघडवेना. ती मनातल्या मनात नाव घेत राहिली. मागायचं काय ते मात्र तिला सुचेना. पास कर म्हणावं, तर पास होऊन करायचं काय. शेवटी ती म्हणाली, देवा, आत तिच्या शेजारी कोणीतरी चांगलं बसव.

दुपारी कौमुदी बाहेर आली तेव्हा चेहरा थकलेला, पण निवांत होता. परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर ऊर्मिलानं डबा उघडला.

"कसा गेला?"

"लेखी चांगला गेला. ऐकण्यात दोन चुकले असतील. तोंडीला माझ्याबरोबर व्हिएतनामचा एक मुलगा होता. फार घाबरलेला. मी त्याला आधी बोलू दिलं."

"तिथंही?" ऊर्मिला म्हणाली.

कौमुदी हसली. पोळीचा तुकडा तिनं हातातच धरला होता.

"मला विषय आला, पुढच्या वर्षाचे बेत. परीक्षक बाई म्हणाल्या, तुम्ही काय करणार आहात ते सविस्तर सांगा."

"मग?"

"मी सांगितलं. सोमवारपासून किटामध्ये रुजू होतेय. मुलं तीन ते सहा वर्षांची आहेत. सकाळी गोलात बसवते, चमचे वाजवते, गोष्ट सांगते. मुलीची शाळा तिथून दोन स्टॉपवर आहे, मी तिला येताना घेऊन येते. हिवाळ्यात नाटुकलं बसवायचंय, हत्तीचं. सगळं नीट सांगितलं, वहिनी. कुठं अडखळले नाही. त्यांनी दोनदा मध्ये विचारलं, तेही सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, मुलं नशीबवान आहेत."

गाडी एका लहान स्टेशनावर थांबली, आणि निघाली. बाहेर कापणी झालेली शेतं होती.

"खोटं बोललीस," ऊर्मिला हळूच म्हणाली.

"नाही हो. बोलत होते तोवर सगळं खरं होतं." कौमुदीनं पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला. "मग बेल वाजली आणि पुढच्या जोडीला आत बोलावलं. आम्ही उठून त्यांना खुर्च्या दिल्या."